कबड्डीच्या सरावाचं निरीक्षण कसं करायचं, पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

बीपीएडच्या मुलांना असाइनमेंट असते, शाळेतल्या नवीन पीटी शिक्षकाला हेडमास्तर सांगतात जरा जाऊन बघा, मंडळाच्या कमिटीत नव्याने आलेल्या माणसाला विचारतात की आपल्या कोचचं काम कसं चाललंय. अशा सगळ्यांसाठी हे लिहितोय. उदाहरण कबड्डीचंच घेतोय, कारण मी त्यातलाच आहे, आणि चौदा वर्षांखालच्या मुलांचा संध्याकाळचा सराव डोळ्यासमोर ठेवलाय. खो-खो किंवा व्हॉलीबॉल बघायला जाणार असाल तरी पद्धत हीच, फक्त मोजायच्या गोष्टी बदलतील.

पहिल्यांदा जाणारा माणूस काय करतो, तर सरांकडे बघत बसतो. सर जोरात बोलतायत, शिट्टी वाजवतायत, पोरं पळतायत, म्हणजे सराव छान चाललाय असं लिहून मोकळा होतो. पण सराव पोरांसाठी असतो ना, मग त्या सरावात एका पोराच्या वाट्याला नेमकं काय आलं हे बघितल्याशिवाय सरांच्या कामाबद्दल काहीच कळत नाही. चार गोष्टी बघायच्यात, नियोजन, सुरक्षितता, सूचना आणि सहभाग, आणि चारही पोरांच्या बाजूने बघायच्या.

जायच्या आधी

न सांगता जाऊ नका. सरांना आदल्या दिवशी फोन करा, कशासाठी येताय, कागद कोणाला दाखवणार ते स्पष्ट सांगा, नाहीतर मंडळात लगेच चर्चा सुरू होते की सरांना काढायला माणूस पाठवलाय. लहान पोरं आहेत, त्यामुळे फोटो-व्हिडिओ पालकांच्या आणि मंडळाच्या परवानगीशिवाय काढायचे नाहीत. तसंही पहिल्या वेळेस व्हिडिओची गरज नसते, कागद, पेन आणि सेकंद दाखवणारं घड्याळ पुरतं.

सराव सुरू व्हायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी पोचा आणि सरांना दोनच प्रश्न विचारा, आज काय शिकवणार आणि शेवटी पोरांना काय जमलं पाहिजे. बऱ्याच मंडळांत सर सगळं डोक्यात ठेवतात, लिहिलेला प्लॅन नसतो. त्यावरून लगेच मत बनवू नका. ते तोंडी जे सांगतील ते त्यांच्याच शब्दात, वेळेसकट लिहून घ्या, तोच आजचा प्लॅन.

आमच्या उदाहरणातल्या सरांनी सांगितलं की आज कोपऱ्यातल्या पोरांची घोट्याची पकड, म्हणजे आपण अँकल होल्ड म्हणतो ती. साडेपाच ते पावणेसात, पंचाहत्तर मिनिटं. पंधरा मिनिटं वॉर्मअप, पंचवीस मिनिटं पकडीचं ड्रिल, मध्ये पाणी, मग वीस मिनिटं मॅच, शेवटी स्ट्रेचिंग. पोरं चोवीस, मॅट एक, सर आणि एक सिनियर खेळाडू मदतीला, ज्याला पोरं दादा म्हणतात. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

उभं कुठे राहायचं तेही ठरवून घ्या. सरांच्या बाजूला नको, कारण मग पोरं तुमच्याकडे बघतात आणि सरही तुमच्यासाठी बोलायला लागतात. मॅटच्या कोपऱ्यापासून थोडं लांब, जिथून मॅट आणि बाहेर बसलेली पोरं दोन्ही दिसतील अशी जागा बघा. बाहेर बसलेली पोरं दिसणं फार महत्त्वाचं, का ते पुढे येईलच.

पोरं यायच्या आधी जागा बघून घ्या

सुरक्षितता सराव सुरू होण्याआधीच अर्धी कळते. मॅट असेल तर जोड बघा. एकमेकांत अडकवायच्या पट्ट्या वापरून वापरून सैल होतात, मध्ये बोटभर फट पडते आणि चढाई करणाऱ्याच्या पायाचा अंगठा नेमका त्यात अडकतो. चालत जाऊन पायाने दाबून बघा, कुठे उचललेलं लागतंय का. मातीचं मैदान असेल तर खडे, काचा, आणि पाणी मारलंय का, कारण कोरडी माती नुसती धूळ उडवत नाही, ती कडक असते आणि पडलं की कोपरं-गुडघे सोलतात. उलट पाणी जास्त झालं तर घसरतं. मग मैदानाच्या बाहेरची जागा. पकड झाली की पोरं रेषेच्या बाहेर घरंगळत जातात, तिथे भिंत, खांब, सायकली, बाकडं असेल तर ती लिहून ठेवायची गोष्ट आहे.

पोरं आली की हात बघा. नखं कापलेली हवीत, अंगठी, कडं, गळ्यातली साखळी काढलेली हवी. नियमातच आहे ते, पण सरावात कोणी बघत नाही आणि गालावर ओरखडे सरावातच जास्त येतात. सर किंवा दादा हे तपासतात का? तपासत असतील तर नुसतं 'नखं कापली का रे' असं ओरडतात की हात पुढे करायला लावतात? दोन्हींत खूप फरक आहे.

फर्स्ट एडचा डबा मागून बघा. असतो बहुतेक, पण कपाटात कुलपात असतो आणि किल्ली सेक्रेटरीकडे असते. डबा मॅटजवळ आहे का, आत चिकटपट्टी, क्रेप बँडेज, जंतुनाशक आहे का, बर्फ कुठून आणणार, आणि 108 ला फोन लावायची वेळ आली तर मैदानाचा पत्ता कोण सांगणार, पालकांचे नंबर कोणाकडे आहेत. हे सरांना उलटतपासणीसारखं विचारू नका, दादाशी गप्पा मारता मारता कळतं.

तीन पोरं निवडा

आता मुख्य काम. चोवीस पोरांवर एकाच वेळी नजर ठेवता येत नाही, म्हणून तीन पोरं निवडायची. एक ज्याच्याभोवती टीम फिरते तो, एक मधला, आणि एक जो रांगेत मागे मागे सरकतो. तिसरा ओळखायला सोपा असतो, हजेरीनंतर दोन-तीन मिनिटं नुसतं बघा, कोणीतरी प्रत्येक वेळी शेवटी उभा राहतो. नावं लिहू नका, शर्टाचा रंग लिहा. आपल्या उदाहरणात लाल, निळा आणि पिवळा, पिवळा म्हणजे मागे सरकणारा.

या तिघांच्या नावापुढे, म्हणजे रंगापुढे, प्रत्यक्ष केलेल्या प्रत्येक गोष्टीची एक रेघ ओढायची. पकड करायला मिळाली, एक रेघ. चढाई केली, दुसऱ्या रकान्यात एक रेघ. सरांनी किंवा दादाने त्याला स्वतःला काही सांगितलं, तिसऱ्या रकान्यात रेघ. बस, एवढंच.

त्याच्या जोडीला दर तीन मिनिटांनी मान वर करून सगळ्या मैदानावर एक नजर फिरवायची, डावीकडून उजवीकडे, आणि त्या क्षणी किती पोरं खरंच आजचं काम करतायत ते मोजायचं. रांगेत उभं, पाणी पितंय, लेस बांधतंय, शेजाऱ्याला कोपर मारतंय, हे सगळे न करणारे. शारीरिक शिक्षणात या मोजणीला प्लाचेक म्हणतात, बीपीएडवाल्यांच्या कानावरून गेलं असेल. दहा सेकंदांचं काम आहे, फक्त घड्याळ लावून ठरलेल्या वेळीच मोजायचं, पोरं छान पळताना दिसली म्हणून मधेच मोजलं तर आकडा खोटा येतो.

आता एक सराव पूर्ण बघू

साडेपाचला शिट्टी झाली. हजेरी, उशिरा आलेल्यांना दम, जर्सीचे पैसे कोणाचे राहिलेत, यात साडेपाचचे पाच सदतीस झाले. मग मैदानाला राउंड आणि उभ्याने स्ट्रेचिंग, पाच पन्नासपर्यंत. इथे एक गोष्ट बघायची, वॉर्मअपचा आजच्या कामाशी काही संबंध आहे का. अँकल होल्ड शिकवायची तर पोरांना खाली बसून सरकायचं आहे, मांड्या, कंबर, घोटे, मनगटं आणि बोटं तयार पाहिजेत. नुसते सरळ राउंड मारून मग एकदम पकडीला गेलं तर शरीर गरम झालेलं असतं पण वाकायला तयार नसतं. कोपऱ्याच्या पवित्र्यात डावी-उजवी सरकणं, जोडीत एकमेकांच्या गुडघ्याला हात लावायचा खेळ, असं काही वॉर्मअपमध्ये दिसलं तर समजा सरांनी विचार केलाय. आपल्या उदाहरणात ते दिसलं नाही, तसं लिहायचं, पण 'वॉर्मअप चुकीचा' असं नाही लिहायचं. लिहायचं काय, तर 'तेरा मिनिटं, राउंड आणि स्ट्रेचिंग, खाली बसून हालचाल नाही'. जे दिसलं ते. मत नंतर.

पाच पन्नासला सरांनी सगळ्यांना गोळा केलं आणि पकड समजावली. सहा मिनिटं. सूचना बघताना मी चार गोष्टींकडे कान-डोळे लावतो. पोरं सूर्याकडे तोंड करून उभी आहेत का, संध्याकाळी हे हमखास होतं, पोरं डोळे बारीक करून उभी आणि सर समजावतायत. मागच्या पोराला ऐकू येतंय का, रस्त्याकडेचं मैदान असेल तर येत नाहीच. प्रात्यक्षिक कोणत्या बाजूने दिसतंय, कारण अँकल होल्डमध्ये डोकं कुठे जातं हे समोरून नीट कळतं आणि हात कसे लॉक होतात ते बाजूने, म्हणजे एकदा तरी फिरून दाखवलं पाहिजे. आणि चौथं, पोरांनी लक्षात ठेवायचे मुद्दे किती आहेत.

पकडीतलं नेमकं काय शिकवायचं ते तुम्हालाही माहीत पाहिजे, नाहीतर सूचना बरोबर आहे की नाही कसं कळणार. कोपरारक्षक खाली बसलेला, वजन पायाच्या पुढच्या भागावर, नजर चढाईपटूच्या कंबर-पायांवर. घाई करायची नाही, त्याने पायाचा टच मारायला पाय लांबवला किंवा वजन एका पायावर आलं की मगच सुटायचं. दोन्ही हात घोट्याभोवती लॉक, पाय स्वतःकडे ओढून वर उचलायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, डोकं चढाईपटूच्या पायाच्या बाहेरच्या बाजूला, गुडघ्याच्या समोर कधीच नाही, हनुवटी छातीला टेकवून डोकं खाली घालून झेप तर अजिबात नाही. गुडघा तोंडावर बसणं आणि मान दुमडणं हे दोन्ही अपघात डोकं चुकीच्या जागी गेल्यानेच होतात.

सरांनी हे सगळं सांगितलं, बरोबर सांगितलं, पण सहा मिनिटांत दहा-बारा मुद्दे, दोन जुन्या मॅचच्या आठवणी, आणि शेवटी 'समजलं का?' त्यावर चोवीस जणांचं 'हो सर'. हा हो सर कुठेच धरू नका. समजलं की नाही हे कळायचं असेल तर सर कोणाला तरी पुढे बोलावतात का, 'डोकं कुठे ठेवायचं, दाखव' असं म्हणतात का, ते बघा. मुद्दे तीन शब्दांत बसतात का तेही बघा, 'खाली, थांब, ओढ' असं काहीतरी, जे ड्रिल चालू असताना लांबून ओरडून आठवण करून देता येतं. दहा मुद्दे ओरडता येत नाहीत.

पाच छप्पनला ड्रिल सुरू. दोन रांगा, एका रांगेतला चढाईला येणार, दुसऱ्या रांगेतला कोपऱ्यात बसून पकडणार, मग रांगा बदलायच्या. सर प्रत्येक पकडीनंतर थांबवून सुधारतायत, जे चांगलंच आहे, पण त्यामुळे एका जोडीला साधारण पस्तीस सेकंद लागतायत. एकोणीस मिनिटं हे चाललं. आता हिशोब करा. एकोणीस मिनिटं म्हणजे 1140 सेकंद, भागिले 35, साधारण बत्तीस पकडी. पोरं चोवीस. म्हणजे एका पोराला सरासरी दीड पकडसुद्धा नाही. आपल्या कागदावर लालला तीन रेघा, कारण नीट जमलं म्हणून सरांनी त्याला परत परत दाखवायला बोलावलं, निळ्याला एक, पिवळ्याला एक. दर तीन मिनिटांच्या मोजणीत चोवीसपैकी दोन, दोन, तीन, दोन असे आकडे. लांबून बघणाऱ्याला मात्र सराव जोरात चाललेला दिसतो, कारण सर घामाघूम झालेत आणि आवाज भरपूर आहे.

नवीन माणसाला नेमकं हेच निसटतं. पंचाहत्तर मिनिटांच्या सरावात, ज्या गोष्टीसाठी सराव ठेवला ती गोष्ट पिवळ्या शर्टवाल्याने एकदा केली, साधारण चार सेकंद.

पाणी झालं, मग सहा वीसला मॅच. सात विरुद्ध सात, दहा बाहेर. मॅचमध्येही बघा, एका वेळी एक चढाईला आणि समोरचे सात बचावात, चढाईवाल्याचे बाकीचे सहा आपल्या अर्ध्यात उभे. म्हणजे चोवीसपैकी आठ कामात. चढाईला तीस सेकंद मिळतात, उठणं-येणं-वाद धरून चाळीस, वीस मिनिटांत तीसेक चढाया, त्यातल्या निम्म्याहून जास्त तीन-चार पोरांनीच केल्या. आणि आजचा विषय अँकल होल्ड असूनही पूर्ण मॅचमध्ये तसा प्रयत्न दोनदाच झाला, बाकी सगळे ढकलाढकली आणि कमरेला मिठी. याला नियोजनातली फट म्हणायचं. ड्रिल आणि मॅच यांचा धागा जुळलेला नाही. कोपऱ्याने घोट्याची पकड केली तर आज दोन गुण, एवढा एक नियम सरांनी मॅचसाठी घातला असता तर पोरांनी आपणहून प्रयत्न केले असते.

मग जास्त पोरं एकाच वेळी घातली की झालं का?

नाही, आणि इथे नवखे लोक घाईने चुकीचा सल्ला देतात. चौदाखालच्या मुलांचं मैदान अकरा बाय आठ मीटर. त्यात बारा जोड्या एकाच वेळी सोडल्या तर एका जोडीला सात चौरस मीटर जागा येते. उभ्या जोडीदाराचा पाय धरून हळू वेगात हात लॉक करणं, डोकं बाहेर ठेवणं याला ती पुरते. वीस सेकंदाला एक धरली तर दहा मिनिटांत प्रत्येकाच्या आरामात दहा-बारा पकडी होतात. पण त्याच जागेत खऱ्या वेगाने चढाई सोडली तर एका जोडीतला पोरगा दुसऱ्या जोडीच्या मानेवर पडणार. वेग आला की जागा वाढली पाहिजे. तेव्हा मॅटचे चार भाग, साडेपाच बाय चार मीटरचे, प्रत्येकात सहा पोरं, एक चढाईला, एक कोपऱ्यात, बाकी चार रेषेबाहेर आणि त्यांनाही काम, डोकं कुठे गेलं ते बघून सांगायचं. पंचवीस सेकंदाला एक पकड धरली तर दहा मिनिटांत प्रत्येकाला चार मिळतात. दीडपेक्षा चार कधीही बरे, आणि दोन टप्पे मिळून चौदा-पंधरा.

यात आणखी एक तपासायचं, जोड्या कशा लावल्यात. चौदाखाली एकाचं वजन तीस किलो आणि दुसऱ्याचं पन्नास असू शकतं, वयाचा दाखला दोघांचा सारखाच. सर 'शेजारच्याला धर' म्हणतात की वजन-उंची बघून लावतात, हे लिहा. शेजारी शेजारी मित्र बसतात आणि मित्र सारख्या वजनाचे असतातच असं नाही.

आणि नुसत्या रेघा पुरत नाहीत. पंधरा वेळा डोकं गुडघ्यासमोर ठेवून पकड केली तर ती सवय पक्की होते आणि धोका वाढतो. म्हणून दुसऱ्या वेळी जाल तेव्हा रेघेवर एक टिंब द्या, डोकं बाहेर होतं तर टिंब, नाहीतर नुसती रेघ. टिंब कमी आणि रेघा जास्त असतील तर सरांना सांगायचं ते वेगळं असतं, की वेग कमी करून परत मागच्या टप्प्यावर या.

सर काय बोलतात ते कसं टिपायचं

पूर्ण वेळ टिपत बसू नका, हात दुखतो आणि बाकी सगळं सुटतं. ड्रिलमधली दहा मिनिटं निवडा. त्या वेळात सरांचं प्रत्येक बोलणं चार खणांपैकी एकात टाका. काय आणि कसं करायचं ते सांगितलं, उदाहरणार्थ 'डोकं बाहेर ठेव'. नुसतं कौतुक, 'शाब्बास'. नुसतं रागावणं, 'काय करतोयस रे'. आणि नुसता जोर, 'चला चला, पळा'.

अशी मोजणी जुनी आहे. अमेरिकेत 1974-75 च्या सीझनमध्ये रोलंड थार्प आणि रोनाल्ड गॅलिमोर या दोन मानसशास्त्रज्ञांनी यूसीएलए विद्यापीठाचे बास्केटबॉल कोच जॉन वुडन यांचे सराव बाजूला बसून असेच टिपले होते. दोन हजारांहून जास्त नोंदी झाल्या, त्यातल्या जवळपास निम्म्या म्हणजे साध्या सूचना होत्या, काय करायचं आणि कसं. कौतुक शंभरात सातच्या आसपास, रागावणंही साधारण तेवढंच. तो आकडा आपल्या सरांवर लादायचा नाही, तिथे निवडलेले कॉलेजचे खेळाडू होते, आपल्याकडे सातवी-आठवीची पोरं, त्यांना कौतुक जास्त लागतं. पण नुसत्या 'शाब्बास'ने पोराला पुढच्या वेळी काय परत करायचं ते कळत नाही, 'शाब्बास, थांबलास बघ' म्हटलं की कळतं, आणि मी हे दोन्ही वेगळे लिहितो.

त्याचबरोबर कोणाला बोलतात तेही बघा, तिसरा रकाना त्यासाठीच आहे. आपल्या सरावात लालला नऊ वेळा नावाने काहीतरी सांगितलं गेलं, निळ्याला तीनदा, पिवळ्याला एकदा, आणि ते सुद्धा 'ए मागे बोलू नको'. यात सरांचा पोराबद्दल काही वाईट विचार नसतो, डोळा चांगल्या खेळाकडे आपोआप जातो, आणि म्हणूनच बाहेरच्या माणसाने मोजून सांगितल्याशिवाय त्यांना कळणार नाही.

मुलींचा सराव असेल तर एक जास्तीची गोष्ट. कबड्डीत पकड दाखवताना अंगाला हात लागणारच. सर आधी सांगून, विचारून, सगळ्यांसमोर दाखवतात का, शक्य असेल तिथे दोन मुलींमध्येच प्रात्यक्षिक करून घेतात का, आणि मैदानावर एखादी ताई किंवा महिला शिक्षिका हजर आहे का. हे लिहायला संकोच करू नका, चांगले सर स्वतःच याची काळजी घेतात. सरांची वागणूकच खटकली, किंवा एखाद्या मुलीने काही सांगितलं, तर ती गोष्ट निरीक्षणाच्या कागदात ठेवून चालत नाही. पोक्सो कायद्याखाली माहिती पोलिसांना द्यावी लागते, मंडळातल्या मंडळात मिटवायची गोष्ट नाही ती.

तोंड कधी उघडायचं

सराव चालू असताना निरीक्षकाने गप्प राहायचं, सूचना द्यायची नाही, पोराला हळूच 'असं धर' सांगायचं नाही. पण काही वेळा गप्प राहणं चूक आहे. डोक्याला मार लागून पोरगा गोंधळलेला दिसतोय, उभं राहताना हेलपाटतोय, उलटी होतेय, डोकं दुखतंय म्हणतोय, आणि सर म्हणतायत पाणी मार तोंडावर आणि चल खेळ, तर लगेच पुढे व्हा आणि त्याला त्या दिवसापुरता तरी बाहेर काढायला सांगा, घरी कळवायला सांगा, डॉक्टरला दाखवल्याशिवाय परत उतरवू नये. मान दुखतेय आणि हात-पाय बधीर वाटतायत म्हणाला तर हलवायचं नाही, 108. एप्रिल-मेच्या शिबिरात उन्हात पोरगा गरगरतोय, घाम थांबलाय, असंबद्ध बोलतोय, तर सावली, थंड पाणी अंगावर आणि दवाखाना. विजा कडाडायला लागल्या तर मैदान रिकामं. या चार वेळा सोडल्या तर बाकी सगळं कागदावर.

सरांशी बोलणं

सराव संपल्यावर लगेच, पोरं आजूबाजूला असताना बोलू नका. सर दमलेले असतात, पालक घ्यायला आलेले असतात. चहाला बसा, नाहीतर दुसऱ्या दिवशी फोन करा. आणि सुरुवात तुमच्या मताने नको, आधी त्यांनाच विचारा की सर, आज तुम्हाला काय वाटलं, पिवळ्या शर्टवाल्याला किती पकडी मिळाल्या असतील? बहुतेक जण चार-पाच म्हणतात. मग कागद दाखवायचा. एक. त्यानंतर तुम्हाला फार बोलावं लागत नाही, सर स्वतःच म्हणतात रांगा तोडायला पाहिजेत.

'पोरांचा सहभाग कमी होता' असं वाक्य लिहू नका, त्याने सर चिडतात आणि त्यात करण्यासारखं काही सापडत नाही. 'ड्रिलच्या एकोणीस मिनिटांत चोवीसपैकी एका वेळी दोन ते तीन पोरं कामात' हे लिहा. जे चांगलं झालं तेही असंच नेमकं लिहा, इथे सरांनी डोक्याची जागा प्रत्येक पकडीनंतर तपासली, एकदाही सोडली नाही, ही मोठी गोष्ट आहे आणि ती कागदावर आली पाहिजे. बदल एकच सुचवा. चारही विषयांवर दहा सूचना दिल्या तर एकही होत नाही. या सरावात मी रांगांचाच मुद्दा धरला असता, वॉर्मअप आणि मॅचचा नियम पुढच्या वेळेला.

प्लॅनपासून सर हलले असतील तर दोष देण्याआधी कारण विचारा. पोरांच्या शाळेत क्रीडादिन होता, पाय दमलेले होते, म्हणून वेग कमी ठेवला, असं उत्तर आलं तर ते चांगलं नियोजनच आहे. स्पर्धेच्या दोन दिवस आधीचा सराव मुद्दाम हलका असतो, शिबिराचा पहिला दिवस ओळखीत जातो, परीक्षेच्या आठवड्यात निम्मी पोरं येत नाहीत. शिवाय तुम्ही उभे आहात म्हणून सर त्या दिवशी वेगळे वागतात, हे होतंच. म्हणून एका सरावावरून कोचबद्दल अहवाल देऊ नका, कमिटीने कितीही घाई केली तरी. निदान तीन वेळा, वेगवेगळ्या वारी जा, तीच तीन पोरं, तेच रकाने, तीच तीन मिनिटांची मोजणी.

कागदाची एक प्रत सरांना द्या, त्यांच्याशी बोलायच्या आधी कमिटीला देऊ नका. आणि पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर मुळीच टाकू नका, रंग लिहिले असले तरी पिवळा शर्ट कोणाचा ते तिथे सगळ्यांना माहीत असतं.